चवथीचा मेल: विषयओळ आणि पहिलं वाक्य कसं ठरवावं

मेल उघडण्याआधी वाचकाला इनबॉक्समध्ये तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषयओळ म्हणजे सब्जेक्ट, आणि तिच्या खाली किंवा शेजारी फिकट अक्षरांत मजकुराची सुरुवात. सणाच्या मेलमध्ये ही जागा बहुतेक वेळा अशी भरलेली असते:

> गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा!
> आमच्या सर्व ग्राहकांना व हितचिंतकांना गणेश चतुर्थीच्या हार्दिक…

एकच गोष्ट दोनदा सांगून झाली आणि मेल कशासाठी आहे ते कळलंच नाही. त्या आठवड्यात बँक, विमा कंपनी, मोबाइल कंपनी सगळ्यांचे असेच मेल येतात आणि वाचक ते एका बोटाने पुसत जातो. तुमचाही त्यात जातो.

पुढच्या पायऱ्या एका उदाहरणावरून समजून घेऊ. फोंड्यातला एक घरगुती फराळाचा उद्योग आहे. वर्षभर महिन्यातून एकदा ते मेल पाठवतात आणि यादीत सहाशे जण आहेत. काही फोंड्यातले, काही पणजी-मडगावला नोकरी करणारे, काही मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले पण चवथीला मूळ घरी येणारे. २०२६ ची चवथ सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. त्यांना नेवऱ्या, लाडू आणि चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत.

## १. लिहायला बसण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा

विषयओळ सुचत नाही, असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा शब्द अडलेले नसतात, निर्णय अडलेला असतो. ऑर्डर कधी बंद करायची हेच ठरलेलं नसेल तर ओळीत शुभेच्छांशिवाय घालायला काही उरत नाही. म्हणून आधी कागदावर लिहा:

- वाचकाने नेमकं काय करायचं आहे? (ऑर्डर द्यायची आहे.)
- कधीपर्यंत? (मंगळवार, ८ सप्टेंबर, रात्री ९.)
- त्याला वस्तू कधी आणि कुठे मिळेल? (शनिवार-रविवार, १२ आणि १३ सप्टेंबर, फोंड्यातल्या घरी.)
- काय मिळणार नाही? (घरपोच सेवा नाही. उकडीचे मोदक नाहीत, कारण ते त्याच दिवशी खायचे असतात.)

चौथा प्रश्न लोक वगळतात आणि मग चवथीच्या आदल्या दिवशी फोन वाजत राहतो. विषयओळीत तो येणार नाही, पण पहिलं वाक्य लिहिताना तो समोर हवा.

तपासणी: चारांपैकी एकाही उत्तरात "साधारण" किंवा "बघू" असेल तर मेल लिहायला घेऊ नका. तारीख ठरवा, मग या.

## २. एक लांबलचक वाक्य लिहा

आता वरची उत्तरं एकाच वाक्यात बसवा. सुंदर नको, पूर्ण हवं. हे वाक्य वाचकाला जाणार नाही, ते फक्त कच्चा माल आहे.

> चवथीच्या नेवऱ्या, लाडू आणि चकल्यांची ऑर्डर ८ सप्टेंबरला रात्री ९ पर्यंत द्या, डबे शनिवारी १२ आणि रविवारी १३ तारखेला फोंड्यातून घेऊन जा. घरपोच सेवा नाही.

इथे हात आपोआप "श्रावण सरला, भाद्रपद आला, माटोळीच्या फळांनी बाजार फुलले" अशा ओळीकडे जातो. ती ओळ खोटी नसते, पण गोव्यातल्या वाचकाला बाजार फुललाय हे मेलवरून कळायची गरज नसते. तो परवाच म्हापशाला जाऊन आलेला असतो. शिवाय या ओळीमुळे तारीख तिसऱ्या-चौथ्या वाक्यात जाते, आणि तिथवर इनबॉक्समधली जागा संपलेली असते.

## ३. त्या वाक्याचे दोन तुकडे करा

कामाचा गाभा हीच पायरी आहे. विषयओळ आणि पहिलं वाक्य वेगवेगळं लिहू नका. दोन्ही एकाखाली एक वाचली जातात, म्हणून दुसऱ्याने पहिल्याच्या पुढचं सांगायला हवं.

विभागणीचा नियम सोपा आहे. वाचकाने काय करायचं आणि कधीपर्यंत, हे विषयओळीत. केल्यावर त्याला काय मिळेल, कुठे आणि कधी, हे पहिल्या वाक्यात.

> ८ सप्टेंबरपर्यंत चवथीच्या नेवऱ्यांची ऑर्डर
> नेवऱ्या, लाडू आणि चकल्यांचे डबे १२ आणि १३ सप्टेंबरला फोंड्यातून न्यायचे आहेत.

विषयओळीत तीन पदार्थांपैकी एकच ठेवला आहे. तीन घातले तर तारखेला जागा उरत नाही, आणि चवथीला कोणता पदार्थ आधी आठवतो हे गोव्यातल्या वाचकाला विचारायला नको. बाकीचे दोन पुढच्या वाक्यात आले. घरपोच सेवेचा मुद्दा दुसऱ्या वाक्यात जाईल: "यंदा घरपोच सेवा नाही, मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी वाटेत फोंड्याला थांबून डबे घ्यावेत."

पहिल्या वाक्याला आणखी एक अट आहे. मेल उघडल्यावर विषयओळ वर कुठेतरी राहते आणि नजर थेट मजकुरावर जाते. त्यामुळे "त्यासाठी", "ही संधी", "वरील" अशा शब्दांनी ते सुरू होऊ नये. विषयओळ झाकली तरी वाक्य कळायला हवं.

तपासणी: दोन्ही ओळींत समान असलेले शब्द अधोरेखित करा. आपल्या उदाहरणात "नेवऱ्या" आणि "सप्टेंबर" एवढेच निघतात, ते चालतील. "चवथ", "शुभेच्छा", "खास", "निमित्त" यांपैकी काही दोन्हीकडे असेल तर दुसऱ्या ओळीतून काढा.

## ४. ओळ कुठे तुटते ते बघा

लोकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं थांबून बघू.

इंग्रजी मेलसाठी लिहिलेले सल्ले सांगतात की विषयओळ ४०-५० कॅरेक्टरांत बसवा. देवनागरीत ही मोजणी जशीच्या तशी लागू पडत नाही. संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं सुटं मोजतो. "चतुर्थीच्या" या शब्दात डोळ्याला चार अक्षरं दिसतात: च, तु, र्थी, च्या. संगणक ती अकरा मोजतो. आपली विषयओळ अंक धरून १९ अक्षरांची आहे. पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधला मोजणारा आकडा मोकळ्या जागा धरून ४२ दाखवेल. म्हणून तो आकडा लाल झाला तरी घाबरू नका, आणि हिरवा आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. फोन ओळ तोडतो ती तिच्या रुंदीवरून. ही रुंदी फोनच्या पडद्यावर आणि वाचकाने ठेवलेल्या अक्षरांच्या आकारावर ठरते, आणि चाळिशीपुढच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तो आकार वाढवून ठेवलेला असतो.

ठरवण्यासाठी सुरक्षित हिशोब असा धरा की दिसणारी पहिली बारा-पंधरा अक्षरं जवळपास सगळीकडे दिसतील. तारीख आणि वस्तू तेवढ्यात यायला हवी.

आता मराठीची स्वतःची अडचण. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. साध्या बोलण्याच्या क्रमाने लिहिलेली ही ओळ पाहा:

> चवथीच्या नेवऱ्यांसाठी ऑर्डर देण्याची अंतिम तारीख ८ सप्टेंबर

फोनवर दिसेल: "चवथीच्या नेवऱ्यांसाठी ऑर्डर देण्याची अं…" तारीख गेली. म्हणून तारीख उचलून पुढे आणायची: "८ सप्टेंबरपर्यंत…". बोलताना हा क्रम थोडा आखडल्यासारखा वाटतो, पण विषयओळ बोलायची नसते.

नकाराचं प्रकरण याहून वाईट:

> चवथीच्या आठवड्यात घरपोच सेवा मिळणार नाही

तुटल्यावर: "चवथीच्या आठवड्यात घरपोच सेवा मिळ…" वाचकाला नेमका उलटा निरोप गेला. अशी माणसं मग पत्ता पाठवतात आणि वाट बघत बसतात.

सावधान: "नाही", "नको", "बंद", "रद्द" यांपैकी कोणताही शब्द विषयओळीच्या शेवटी असेल तर वाक्य उलटवा. "घरपोच सेवा बंद, डबे फोंड्यात" असं लिहिलं तर नकार लवकर येतो. तेही जमत नसेल तर नकार विषयओळीत घालूच नका.

अंकांबद्दल एक बारीक गोष्ट. देवनागरीतले १ आणि ९ लहान अक्षरांत एकमेकांसारखे दिसतात. मुदतीच्या तारखेत यांपैकी एखादा असेल तर वारही लिहा. इथे ८ आहे, त्यामुळे वाराची गरज नाही.

## ५. शुभेच्छा, नाव आणि संबोधन कुठे?

शुभेच्छा काढून टाकायच्या नाहीत, फक्त हलवायच्या. मजकूर संपल्यावर, नावाच्या वर, एक ओळ: "चवथीच्या शुभेच्छा." तिथे ती मनापासून आलेली वाटते, कारण तोवर कामाचं बोलून झालेलं असतं.

सुरुवातीला शुभेच्छा न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. सहाशे जणांच्या यादीत दरवर्षी काही घरांत सुतक असतं आणि तिथे यंदा चवथ नसते. काही ग्राहक ख्रिस्ती आहेत आणि ते नेवऱ्या आवडतात म्हणून घेतात. "तुमच्या घरी बाप्पा विराजमान होतीलच" हे पहिलं वाक्य या दोघांनाही बाजूला ठेवतं. "डबे १२ आणि १३ सप्टेंबरला" हे वाक्य कोणालाच खटकत नाही. त्याच कारणाने "दीड दिवसाच्या गणपतीसाठी" असंही लिहू नका. गोव्यात दीड दिवसाचे गणपती खूप असले तरी पाच, सात दिवस ठेवणारी घरंही आहेत.

विषयओळीत वाचकाचं नाव घालण्याचा मोह टाळा. सॉफ्टवेअर ते यादीतून उचलतं आणि यादीतली नावं बहुतेक रोमन लिपीत, कधी सगळी मोठ्या अक्षरांत, कधी फक्त आडनाव अशी भरलेली असतात. जिथे नावाची जागा रिकामी आहे तिथे ओळ स्वल्पविरामाने सुरू होते. मजकुरात "नमस्कार," एवढं पुरतं. ते मात्र स्वतंत्र ओळीत असेल तर इनबॉक्समध्ये पहिल्या वाक्याआधी तेच दिसतं आणि थोडी जागा खातं. एक शब्द खाल्लेला परवडतो. "आदरणीय ग्राहक बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार" परवडत नाही.

चित्रचिन्हांबद्दल: मोदक किंवा फुलाचं एखादं चिन्ह हवंच असेल तर ओळीच्या शेवटी ठेवा, म्हणजे ते तुटलं तरी काही बिघडत नाही. शब्दाच्या जागी चिन्ह वापरू नका. जुन्या संगणकावर तिथे रिकामा चौकोन दिसतो.

## ६. इनबॉक्सला दुसरंच काही उचलू देऊ नका

पहिलं वाक्य कितीही चांगलं असलं तरी इनबॉक्स ते दाखवेलच असं नाही. मेल प्रोग्राम मजकुरातला सर्वांत वरचा शब्द शोधतो. तयार टेम्प्लेट वापरलं असेल तर वर बहुधा "मेल नीट दिसत नसल्यास ब्राउझरमध्ये पाहा" ही ओळ असते, किंवा बोधचिन्हाच्या चित्रामागे लिहिलेलं वर्णन असतं. मग फिकट अक्षरांत तेच दिसतं.

उपाय क्रमाने करा. आधी "ब्राउझरमध्ये पाहा" ही ओळ मेलच्या तळाशी हलवा. मग बोधचिन्हाचं वर्णन फक्त उद्योगाच्या नावापुरतं ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये "प्रिव्ह्यू टेक्स्ट" किंवा "प्रीहेडर" नावाची रिकामी चौकट असते. वरच्या दोन गोष्टी करता येत नसतील तर तिथे पहिलं वाक्य जसंच्या तसं टाका. अशी चौकट नसेल आणि मेलचा कोड तुमच्या हातात असेल, तर `<body>` नंतर लगेच हे घाला:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
नेवऱ्या, लाडू आणि चकल्यांचे डबे १२ आणि १३ सप्टेंबरला फोंड्यातून न्यायचे आहेत.
</div>
```

सावधान: संपूर्ण मेल म्हणजे एकच मोठं चित्र, त्यातच सगळी अक्षरं, असा मेल सणाला फार जणांकडून येतो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टरच मेलमध्ये चिकटवलेलं असतं. अशा मेलला इनबॉक्सच्या दृष्टीने पहिलं वाक्यच नसतं, आणि ज्याच्याकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत त्याला आतही काही दिसत नाही. पोस्टर हवं तर मजकुराच्या खाली लावा.

## ७. स्वतःला पाठवून पाहा

निदान तीन ठिकाणी पाठवा: एक अँड्रॉइड फोन, एक आयफोन आणि कचेरीतल्या संगणकावरचा आउटलुक. फोनवर अक्षरांचा आकार वाढवूनही एकदा बघा.

मराठी मजकुरात बिघाड साधारण तीन रूपांत दिसतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

विषयओळीत अर्थहीन रोमन अक्षरं दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्याच्या फाइलमधून उचलला की असं होतं. मजकुरात फाँट लावता येतो, विषयओळीला लावता येत नाही. ती ओळ युनिकोड कीबोर्डवर नव्याने टाइप करा.

सगळी प्रश्नचिन्हं दिसली, तर ग्राहकांची यादी किंवा मजकूर वाटेत कुठेतरी UTF-8 ही युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत सोडून दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये साठवला गेला. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना हे सर्रास घडतं. साठवताना "CSV UTF-8" हाच पर्याय निवडा.

`=?UTF-8?B?` असं काहीतरी सुरुवातीला दिसलं, किंवा ओळीच्या मध्येच एखादं अक्षर फुटून � आलं, तर दोष पाठवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. विषयओळ मेलमध्ये तुकड्यांत बांधून जाते आणि एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा असतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हं बसतात आणि आपली ४२ चिन्हांची ओळ तीन तुकड्यांत जाते. नीट लिहिलेला प्रोग्राम चिन्हाच्या सीमेवरच तोडतो. स्वतः बनवून घेतलेल्या वेबसाइटवरून मेल जात असेल तर ज्याने ती केली त्याला हे दाखवा. शब्द बदलून हा दोष जात नाही.

तपासणी: इनबॉक्सचा स्क्रीनशॉट घरातल्या कोणाला तरी दाखवा आणि विचारा, "काय करायचंय, कधीपर्यंत?" मेल उघडू देऊ नका. उत्तर दोन्ही भागांत बरोबर आलं तर पाठवा.

## ८. दोन मेल, आणि दुसऱ्याची वेगळी ओळ

पहिला मेल मुदतीच्या सुमारे आठवडाभर आधी, म्हणजे मंगळवारी १ सप्टेंबरला. पगाराच्या आसपासचे दिवस असतात आणि घरी कोण कधी पोचणार याची बोलणी सुरू झालेली असतात. चवथीच्या दिवशी काहीही पाठवू नका. वाचक आरतीत किंवा पंगतीत असतो आणि तुमच्याकडे विकायलाही काही उरलेलं नसतं.

दुसरा मेल सोमवारी ७ तारखेला, आणि तोही फक्त ज्यांनी ऑर्डर दिलेली नाही त्यांना. इथे नेहमीची चूक म्हणजे जुन्या ओळीपुढे "आठवण:" जोडणे. त्याने दिसणाऱ्या जागेचा बराच भाग संपतो. दुसरी चूक "उद्या". "उद्या ऑर्डर बंद" हा मेल वाचकाने मंगळवारी सकाळी उघडला तर त्याचा उद्या बुधवारी येतो.

> मंगळवारी रात्री ९ ला नेवऱ्यांची ऑर्डर बंद
> ८ सप्टेंबरनंतर आलेल्या ऑर्डरींसाठी पीठ भिजवता येणार नाही, म्हणून आज-उद्यात कळवा.

इथे "बंद" शेवटी आहे, पण तुटलं तरी "मंगळवारी रात्री ९ ला नेवऱ्यांची ऑर्डर…" याचा उलटा अर्थ निघत नाही. दुसऱ्या ओळीत "आज-उद्यात" चालतं, कारण त्याच्याआधी तारीख आली आहे. आणि मुदत का, याचं कारण पहिल्यांदाच दिलं आहे. पहिल्या मेलमध्ये ते नको होतं. उशीर करणाऱ्यालाच ते लागतं. मुदत एकदा लिहिली की पाळा. ९ तारखेला "ग्राहकांच्या आग्रहास्तव मुदतवाढ" पाठवलीत तर पुढच्या वर्षी तुमच्या विषयओळीतल्या तारखेकडे कोणी बघणार नाही.

## ९. काय मोजायचं

"किती जणांनी उघडला" या आकड्यावर ओळ पारखू नका. २०२१ पासून आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आहे की वाचकाने मेल न उघडताही त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि ती उतरली की सॉफ्टवेअर मेल उघडला असं धरतं. आकडा फुगतो. ऑर्डरी मोजा, आणि "डबे कधी मिळतील?" असं विचारणारी उत्तरं मोजा. असा प्रश्न अनेकांकडून आला तर पहिलं वाक्य दिसलंच नाही, किंवा दिसून कळलं नाही. आधी सहावी पायरी तपासा.

सहाशेच्या यादीचे दोन भाग करून दोन ओळींची स्पर्धा लावण्याचा सल्लाही मिळेल. तीनशे जणांतून एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३६ ऑर्डरी आल्या तर तो फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. त्यापेक्षा दोन्ही मेलच्या ओळी, पाठवल्याची वेळ आणि पुढच्या दोन दिवसांतल्या ऑर्डरी वहीत लिहून ठेवा. दिवाळीच्या फराळाचा मेल लिहिताना ते पान समोर ठेवून पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. तिथे पदार्थ आणि तारखा वेगळ्या असतील, पण ओळ तुटण्याची जागा हीच.